फोन हरवला, सिम नवीन घेतलं, पण बँकेचं ॲप नोंदणीच घेत नाही

पाथर्डीफाटा
मंडळी, घाईचं काम आहे म्हणून नवीन धागा काढतेय.

काल, शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आप्पांचा (माझे वडील, वय ७१) फोन सीबीएसहून घरी येताना शहर बसमध्ये गेला. पडला की कोणी काढला, कळलं नाही. घरी आल्यावर रात्री साडेआठला कंपनीला फोन करून सिम बंद करून घेतलं. आज सकाळी कॅनडा कॉर्नरजवळच्या गॅलरीत गेलो. आधार आणि अंगठा घेऊन त्याच नंबरचं सिम मिळालं आणि दुपारी साडेबाराला चालू झालं. कॉल येतात-जातात, नेट चालतं.

नव्या फोनवर बँकेचं ॲप टाकलं. ते "आम्ही तुमच्या नंबरवरून एक एसएमएस पाठवत आहोत" म्हणतं, चक्र फिरत राहतं आणि शेवटी पडताळणी झाली नाही असं येतं. यूपीआयच्या ॲपचंही तेच. आज दुसरा शनिवार, बँक बंद. रंगकामवाल्याला उद्या १८,००० द्यायचेत. आप्पा फोनच्या कव्हरमध्येच एटीएम कार्ड ठेवायचे, त्यामुळे तेही गेलं. फोन बदलून बघू का? की सिमच खराब दिलंय?

गोदाकाठची
आमच्याकडेही असंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी आपोआप चालू झालं. का ते तेव्हाही कळलं नव्हतं.

द्राक्षबाग_दिंडोरी
नवीन फोन घेतला की २४ तास एसएमएस बंदच असतात, सरकारचा नियम आहे. माझ्या भावाने दिवाळीत फोन बदलला तेव्हा त्याला ५,००० च्या वर पैसे पाठवता येत नव्हते. त्यामुळे थांबा. तोवर एटीएममधून काढून रंगकामवाल्याला रोख द्या.

मिसळप्रेमी
द्राक्षबाग, एटीएम कार्ड पण बसमधूनच गेलंय हो, वाचा नीट. :)

खातेवही
पाथर्डीफाटा ताई, एसएमएसचं नंतर बोलू. आधी हे सांगा, कार्ड बंद केलंत का? तुम्ही सिम बंद केल्याचं लिहिलंय, कार्डाचं लिहिलेलं नाही. कव्हरमध्ये आणखी काय होतं? आधारची झेरॉक्स?

केलं नसेल तर हा प्रतिसाद पूर्ण वाचायच्या आधी बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावा. तो नंबर बँकेच्या वेबसाइटवरून किंवा पासबुकवरून घ्या, गूगलवर दिसेल तो पहिला नंबर लावू नका. कार्ड बंद करायला सांगा आणि त्याच कॉलमध्ये खात्याचं यूपीआय आणि मोबाइल बँकिंगही बंद करायला सांगा. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.

पाथर्डीफाटा
केलं आत्ता. कार्ड बंद झालं, यूपीआयही बंद केलं, क्रमांक मिळाला. हो, आधारची झेरॉक्स होती घडी करून. पण खातेवही, फोनला पॅटर्न लॉक होतं आणि यूपीआयचा पिन आप्पांशिवाय कोणाला माहीत नाही. मग कार्डावरून काय करणार होता तो?

खातेवही
फोन उघडायची त्याला गरजच नाही. सिम काढून स्वतःच्या फोनमध्ये घातलं की पुरे.

यूपीआयचं ॲप पहिल्यांदा लावताना ते तुमच्या फोनमधून एक एसएमएस बाहेर पाठवतं. त्यात अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक साखळी असते आणि त्या साखळीत त्या फोनची ओळख असते. पलीकडे बँकेला दोनच गोष्टी कळतात, एसएमएस कुठल्या नंबरवरून आला आणि कुठल्या फोनवरच्या ॲपने तो पाठवला. या दोघांची गाठ मारली जाते. त्यालाच आम्ही डिव्हाइस बाइंडिंग म्हणतो. फोन हातात धरणारा माणूस कोण, हे त्या एसएमएसमधून कळत नाही. सिम ज्याच्याकडे, त्याच्या फोनशी गाठ.

राहिला पिन. तो माहीत नसला तरी नवीन ठेवता येतो. त्यासाठी कार्डाचे शेवटचे ६ आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो. काही बँका वर एटीएमचा पिनही मागतात, सगळ्या मागत नाहीत. दुसरा रस्ता आधारच्या ओटीपीचा. कार्ड कव्हरमध्ये, आधार कव्हरमध्ये आणि ओटीपी येणार त्याच सिमवर. म्हणून ज्येष्ठांना मी नेहमी सांगतो, फोनच्या कव्हरमध्ये कार्ड ठेवू नका. वेगवेगळं हरवलं तर निभावतं, एकत्र गेलं की कुलूप आणि किल्ली दोन्ही त्याच्याकडे.

तुमच्या बाबतीत धोक्याचा काळ साडेसहा ते साडेआठ, म्हणजे सिम बंद होईपर्यंतचे दोन तास. त्या वेळात त्याने गाठ मारून घेतली असेल तर नुसतं सिम बंद होऊन भागत नाही, म्हणून बँकेकडून यूपीआय बंद करायला सांगितलं. आता त्या दोन तासांत आणि आज सकाळपर्यंत खात्यातून काही गेलंय का ते बघा.

पाथर्डीफाटा
बघू कसं? शिल्लक कळायला बँकेच्या नंबरवर मिस्ड कॉल दिला. रिंग होऊन कट झाला, पण उत्तर नाही आलं.

रिचार्जवाला
ताई, उत्तर एसएमएसने येतं ना, म्हणून नाही आलं. नाशिकरोडला माझं मोबाइलचं दुकान आहे, आठवड्यात दोन-चार गिऱ्हाइकं हेच विचारत येतात.

सिम खराब नाही. डुप्लिकेट सिम चालू झालं की त्यावर पुढचे २४ तास एसएमएस जात नाहीत आणि येतही नाहीत. दूरसंचार खात्याने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कंपन्यांना तसं सांगितलंय. कारण असं की पूर्वी कोणीतरी खोटे कागद दाखवून तुमच्या नंबरचं सिम काढायचा आणि तासाभरात ओटीपी घेऊन खातं साफ करायचा. आता त्याने सिम काढलं तरी २४ तास हात बांधलेले. तेवढ्या वेळात तुमच्या फोनचं नेटवर्क गेलेलं तुम्हाला कळतं आणि तुम्ही बोंब मारू शकता.

तुमचं साडेबाराला चालू झालं, तर उद्या रविवारी दुपारी साडेबारानंतर बघा. आज फोन बदलून, ॲप काढून-टाकून काही होणार नाही. उलट चार-पाचदा फसलं की काही ॲप वरून त्यांचंही कुलूप लावतात, मग तो वेगळा ताप.

उद्या ॲप उघडायच्या आधी एक करा. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नंबरवर साधा एसएमएस पाठवा. व्हॉट्सॲप नाही, साधा एसएमएस. तो पोचला तरच ॲपला हात लावा.

खातेवही
रिचार्जवाला यांनी बरोबर सांगितलं. शिल्लक बघायची तर पासबुक घेऊन शाखेच्या बाहेरच्या छपाई यंत्रावर जा. ज्या शाखांचं यंत्र एटीएमच्या खोलीत असतं तिथे सुट्टीच्या दिवशीही चालतं. पासबुकावर बारकोडचं स्टिकर हवं. काल संध्याकाळपासूनच्या नोंदी बघा, यूपीआय लिहिलेली प्रत्येक ओळ आप्पांना विचारून ताडून घ्या. अनोळखी ओळ दिसली तर तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही पुन्हा कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी असतं. म्हणून तक्रारीची वेळ लिहून ठेवायला सांगितली.

शंकेखोर
एक मिनिट. माझं सिम मार्चमध्ये बदललं, गॅलरीतच. मला बँकेचा ओटीपी संध्याकाळीच आला होता, २४ तास झाले नव्हते. त्यामुळे हा नियम सगळीकडे पाळतात असं म्हणू नका.

रिचार्जवाला
तुमचं सिम हरवलं होतं की जुनं सिम परत देऊन नवं घेतलं?

शंकेखोर
जुनं खराब झालं होतं, ते देऊन घेतलं.

रिचार्जवाला
नियम दोन्हीला सारखाच आहे. माझ्या गिऱ्हाइकांत तरी २४ तासांच्या आत ओटीपी आलेला मी पाहिलेला नाही. तुमचा ओटीपी ईमेलवर तर आला नव्हता? काही बँका दोन्हीकडे पाठवतात.

शंकेखोर
नाही, एसएमएसच होता. स्क्रीनशॉट असेल तर टाकतो.

वायफळ
मला पण हाच प्रश्न आहे. मी पुढच्या आठवड्यात नवीन फोन घेतोय. सिम तेच, जुना फोन चालू आहे. मग मला पण २४ तास बिनाबँकेचं राहावं लागणार का? आणि जुना फोन मुलाला द्यायचाय, कधी देऊ?

खातेवही
वायफळ, तुमचं वेगळं आहे. सिम बदलत नाही, म्हणजे एसएमएस बंद होणार नाहीत. द्राक्षबाग यांनी वर दोन गोष्टी एकत्र केल्यात. एसएमएसची बंदी सिम बदलल्यावर येते. ५,००० ची मर्यादा यूपीआयची आहे आणि ती फोन बदलल्यावर येते, सिम तेच असलं तरी. अँड्रॉइडवर २४ तास, आयफोनवर ७२ तास. त्यांच्या भावाला ती मर्यादा लागली होती.

तुम्ही सिम नव्या फोनमध्ये घाला, ॲप लावा, एक छोटा व्यवहार करून बघा. पिन बँकेकडे असतो, फोनमध्ये नाही, त्यामुळे जुनाच पिन चालतो. हे सगळं झाल्यावरच जुना फोन पुसा आणि मुलाला द्या. आधी पुसू नका.

द्राक्षबाग_दिंडोरी
अच्छा, म्हणजे भावाचे एसएमएस चालूच होते. बरोबर, ओटीपी येत होते त्याला.
बरं, दोन सिम असले की काय होतं? माझी नोंदणी नेहमी पहिल्या प्रयत्नात फसते.

रिचार्जवाला
बँकेचं सिम दुसऱ्या खाचेत आणि एसएमएससाठी पहिलं सिम ठरवलेलं असेल, तर एसएमएस भलत्याच नंबरवरून जातो. बँकेला तो नंबर ओळखीचा नाही, मग ॲप तुम्हाला "नंबर नोंदलेला नाही" म्हणतं. सेटिंगमध्ये एसएमएसचं सिम बदला, किंवा नोंदणीपुरतं दुसरं सिम बंद ठेवा. आयफोनवर ॲप स्वतः एसएमएस पाठवू शकत नाही. लिहिलेला मेसेज समोर उघडतो आणि पाठवायचं बटण तुम्ही दाबायचं असतं, तिथे वर कुठली लाइन निवडली आहे ते बघून दाबा.

आणि रिचार्ज. हे फार लोकांचं होतं. रिचार्ज संपलं तरी येणारे कॉल काही दिवस चालू राहतात, घरचं वायफाय असतं, म्हणून माणसाला वाटतं सिम ठीक आहे. जाणारा एसएमएस मात्र बंद. नुसतं डेटाचं पॅक मारलं असेल तरी तेच. म्हणून म्हणालो, आधी साधा एसएमएस पाठवून बघा. सिम नवीन असो, जुनं असो, दोन सिम असोत, निम्मी भानगड तिथेच उघडी पडते.

संध्याकाळ
माझी अडचण यापेक्षा बिकट आहे. मी वापरते तो नंबर सासऱ्यांच्या नावावर आहे, वीस वर्षांपूर्वी त्यांनीच घेऊन दिला होता. ते तीन वर्षांपूर्वी गेले. माझ्या बँकेला हाच नंबर, गॅसला हाच, आधारला हाच. सिम अजून चालू आहे, पण हे सगळं वाचून पोटात गोळा आला. हरवलं तर डुप्लिकेट मला देतील का?

रिचार्जवाला
ताई, ज्याच्या नावावर त्यालाच. गॅलरीत आधार आणि अंगठा मागतात, तो कोणाचा देणार? म्हणून सिम हातात आहे तोवरच नंबर तुमच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा कागद आणि तुमचं आधार घेऊन कंपनीच्या मुख्य गॅलरीत जा, माझ्यासारख्या दुकानात ते होत नाही. कागद नेमके कोणते ते आधी फोन करून विचारा, कंपनीगणिक फरक आहे.

खातेवही
आणि तोवर बँकेत दुसरा, तुमच्याच नावाचा नंबर लावायचा विचार करा. शाखेत पासबुक आणि ओळखपत्र घेऊन अर्ज दिला की होतं, जुन्या नंबरवर ओटीपी आलाच पाहिजे असं नाही. आधारचा नंबर आधार केंद्रात अंगठा देऊन बदलतो, तिथेही जुनं सिम लागत नाही. आज तुम्ही नंबरची मालकी बदलून घेतलीत तर हे काहीच करावं लागणार नाही, म्हणून पहिला प्रयत्न तो.

संध्याकाळ
सोमवारी जाते. दाखला आहे, वारसाचा कागद शोधावा लागेल.

गोदाकाठची
थोडं अवांतर, पण महत्त्वाचं वाटतंय. गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंना एकाने बँकेतून बोलतोय म्हणून फोन केला. ॲप चालू करून देतो म्हणाला. व्हॉट्सॲपवर एक मजकूर पाठवला, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांचा नुसता काला, आणि "हा अमुक नंबरवर साध्या एसएमएसने पाठवा" म्हणाला. ओटीपी मागितला नाही, पिन मागितला नाही, त्यामुळे काकूंना संशयच आला नाही. त्यांच्या मुलाने वेळेवर फोन हातातून घेतला. खातेवही, तुम्ही वर जी साखळी म्हणालात ती हीच का?

खातेवही
हीच. बरं झालं लिहिलंत.

त्याने स्वतःच्या फोनवर काकूंचा नंबर घालून नोंदणी सुरू केली होती. त्याच्या फोनची ओळख असलेला मजकूर तयार झाला, पण तो काकूंच्या सिमवरून जायला हवा होता. सिम त्याच्याकडे नाही, म्हणून काकूंकडूनच पाठवून घ्यायचा. तो एसएमएस गेला असता तर काकूंच्या नंबरची गाठ त्याच्या फोनशी पडली असती, आणि काकूंचा फोन त्यांच्या हातात असूनही. पुढे पिनसाठी कार्डाचे आकडे गोड बोलून काढले जातात.

खरं ॲप तो मजकूर तुमच्याच फोनवर तयार करतं. दुसऱ्या कोणी पाठवलेला असला मजकूर एसएमएसने पुढे पाठवायचा प्रसंग बँकेच्या कुठल्याही कामात येत नाही. पाथर्डीफाटा, आप्पांनाही हे सांगा. फोन हरवल्यावर माणूस मदत शोधत असतो आणि असले लोक नेमके तेव्हा भेटतात.

मिसळप्रेमी
हा प्रतिसाद घरच्या ग्रुपवर टाकतोय. आईला मोठ्या अक्षरांत छापूनही देणार.

पाथर्डीफाटा
रविवार, दुपार. सगळ्यांना सांगते.

पासबुक काल संध्याकाळीच छापून आणलं. साडेसहानंतर एकही नोंद नाही, जीव भांड्यात पडला. आज साडेबारा वाजले तेव्हा माझ्या नंबरवर आप्पांच्या सिमवरून साधा एसएमएस पाठवला, तो "गेला नाही" असं आलं. एकच्या सुमारास गेला. मग बँकेचं ॲप लावलं, पडताळणी लगेच झाली. पुढे ग्राहक क्रमांक आणि पासवर्ड विचारला, तो आप्पांच्या डायरीत होता, पण आत गेल्यावर पैसे पाठवायची सोय बंद दाखवते, कारण काल आपणच बंद करायला सांगितली. ती शाखेतून चालू होईल म्हणतात. रंगकामवाल्याला आप्पांनी चेक दिला. तो म्हणाला काका, मंगळवारी दिलात तरी चाललं असतं.

आता दोन प्रश्न. हरवलेला फोन बंद करायचा आहे, चोराला वापरता येऊ नये म्हणून. आणि नवीन कार्ड येईपर्यंत यूपीआय लावता येईल का?

रिचार्जवाला
फोनसाठी जवळच्या पोलीस ठाण्यात हरवल्याची तक्रार द्या, तिची प्रत घ्या. मग sancharsaathi.gov.in वर जाऊन फोन बंद करायची विनंती टाका. आयएमईआय क्रमांक खोक्यावर किंवा बिलावर असतो. तिथेही ओटीपी आप्पांच्या नंबरवरच येतो, म्हणून लोक पहिल्या दिवशी प्रयत्न करून वैतागतात. तुमचं आता होईल.

खातेवही
यूपीआय आधी शाखेतून चालू करून घ्या. मग कार्डाशिवाय आधारच्या ओटीपीने पिन ठेवता येतो, बँकेत आणि आधारला एकच नंबर असेल तर. बहुतेक मोठ्या बँका देतात ही सोय, तुमची देते का ते ॲपमध्ये पिन ठेवायच्या पानावर दिसेल. नाही तर कार्डाची वाट बघा. सुरुवातीला ५,००० ची मर्यादा धरून चाला.

शंकेखोर
स्क्रीनशॉट सापडला नाही. पण मी अजूनही म्हणतो, मला आला होता.
आणि एक विचारायचं राहिलं, ई-सिम केलं तर हे सगळं टळतं ना? चोराला सिम काढताच येणार नाही.

रिचार्जवाला
काढता येत नाही हे खरं. पण साध्या सिमचं ई-सिम करणं हेही सिम बदलणंच धरतात, २४ तास एसएमएस बंद राहतात. पगाराच्या किंवा हप्त्याच्या तारखेला करू नका.

साधं सिम ठेवायचं असेल तर सेटिंगमध्ये सिम लॉक असतं, त्याला चार आकडी पिन लावा. मग ते दुसऱ्या फोनमध्ये घातलं की आधी तो पिन मागतं, नाही दिला तर सिम चालतच नाही. फक्त लावताना कंपनीचा मूळ पिन विचारतात, तो माहीत नसेल तर अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडायचा कंपनीचा कोड मागतं आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं बाद.

पाथर्डीफाटा
हे आप्पांच्या सिमला आजच लावते. मूळ पिन कुठे मिळेल, सिमच्या पाकिटावर?

रिचार्जवाला
काही कंपन्या पाकिटावर छापतात. नसेल तर हेल्पलाइनला विचारा. आणि आप्पांना सांगून ठेवा, फोन बंद करून चालू केला की तो पिन दर वेळी टाकावा लागेल.